कंपनीच्या एचआर हेडना दिवाळी हॅम्परचा प्रस्ताव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गुहागर तालुक्यातल्या आठ जणी मिळून काजू, आंबापोळी, आमसूल आणि खाजं विकतो. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना दिवाळीचे खोके द्यायला लागल्यापासून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या गृहउद्योगांच्या व बचत गटांच्या ताई मला तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे 300 खोक्यांच्या एकाच ऑर्डरचं उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकड्यांचा धागा सुटणार नाही. तारखा 2026 च्या दिवाळीच्या आहेत.

1. पत्र एचआर हेडलाच लिहायचं की परचेसला?

एचआर हेडला लिहायचं आणि प्रत अॅडमिनला द्यायची. काय द्यायचं आणि किती जणांना द्यायचं हे एचआर ठरवतं. परचेस फक्त दर घासून घेतं. पहिलं पत्र परचेसकडे गेलं की तुमचं खाजं आणि पुण्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचा सुक्या मेव्याचा डबा एकाच तक्त्यात बसतात आणि पुढे फक्त आकडा उरतो.

लोटे, महाड किंवा कुडाळच्या बऱ्याच कारखान्यांचं मुख्य कार्यालय मुंबईत असतं. त्यामुळे पहिल्या फोनवरच विचारून घ्या, "दिवाळी भेटीचा निर्णय प्लांटवर होतो की हेड ऑफिसला?" निर्णय मुंबईत होत असेल तरी पत्र प्लांटच्या एचआरलाच द्या, कारण कामगारांना काय आवडलं नव्हतं हे त्यांनाच ठाऊक असतं. मात्र उत्तराला दोन-तीन आठवडे जास्त लागतील असं धरून चला.

2. पत्र कधी पाठवायचं? ऑगस्टमध्ये दिवाळीचं बोललं तर लोक हसतील ना?

कोणी हसत नाही. जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा पहिला आठवडा हीच वेळ आहे. आपल्याकडे दिवाळीच्या आधी गणपती येतात आणि कोकणातलं सगळं कामकाज तिथे थांबतं. यंदा गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी 25 ला. त्या बारा दिवसांत आपल्या घरी पाहुणे, कंपनीत अर्धी माणसं रजेवर आणि टेम्पोवाला मिळणं मुश्कील. त्यानंतर 10 ऑक्टोबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत पितृपक्ष. मालक स्वतः चालवतात अशा काही कंपन्यांत त्या दिवसांत नवी ऑर्डर काढत नाहीत. मग नवरात्र, 20 ला दसरा आणि 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन.

म्हणून पत्र गणपतीच्या बरंच आधी जायला हवं आणि नमुन्याचा खोका 10 सप्टेंबरच्या आत एचआरच्या टेबलावर हवा. पुढचा हिशेब प्रश्न 5 मध्ये आहे.

3. पत्र किती लांब असावं? एखादा नमुना द्याल का?

एक पान. त्यात चारच गोष्टी स्पष्ट हव्यात: खोक्यात काय आहे, किंमत किती आणि तिच्यात काय धरलं आहे, त्यांच्यासाठी काय बदलून देता येईल, आणि कोणत्या तारखेपर्यंत होकार आला तर माल कधी पोचेल. आपल्या गटाची कहाणी दोन ओळींत उरकायची. दरांचं पान आणि खोक्याचा एक फोटो वेगळे जोडायचे. आमचं पत्र साधारण असं असतं:

> प्रति, एचआर हेड, (कंपनीचे नाव), लोटे परशुराम
> विषय: कर्मचाऱ्यांसाठी दिवाळी भेट, 200 ते 400 खोके
>
> सप्रेम नमस्कार,
> आम्ही गुहागर तालुक्यातील आठ महिलांचा गृहउद्योग चालवतो. आमचा माल आम्ही स्वतः तयार करतो. आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कोकणातील पदार्थांचा दिवाळी खोका तयार केला आहे.
>
> एका खोक्यात: सालीसकट काजू 200 ग्रॅम, आंबापोळी 150 ग्रॅम, खाजे 200 ग्रॅम, आमसूल 100 ग्रॅम, मातीच्या दोन पणत्या.
>
> किंमत: 300 खोक्यांसाठी प्रति खोका ₹672 अधिक 5 टक्के जीएसटी, एकूण ₹705.60. खोका, कंपनीच्या नावाची छापील पट्टी, शुभेच्छापत्र आणि आपल्या गेटपर्यंतची वाहतूक यात धरली आहे. हा दर 30 सप्टेंबरपर्यंत लागू राहील.
>
> बदल: पट्टीवर आपला लोगो व संदेश, शुभेच्छापत्रावर कर्मचाऱ्याचे नाव. पदार्थांमध्ये जास्तीत जास्त दोन प्रकारचे खोके करून देता येतील.
>
> अवधी: ऑर्डर, 50 टक्के आगाऊ रक्कम आणि लोगोची मंजुरी, या तिन्ही गोष्टी मिळाल्यापासून 35 दिवस. 2 नोव्हेंबरला माल हवा असल्यास या तिन्ही गोष्टी 28 सप्टेंबरपर्यंत मिळाव्यात.
>
> आंबापोळी व आमसूल उन्हाळ्यात बनवलेले आहेत, त्यामुळे वेष्टनावर एप्रिल-मे महिन्याची तारीख असेल. साठा मर्यादित असल्याने 400 पेक्षा जास्त खोके देता येणार नाहीत.
>
> नमुन्याचा खोका दाखवण्यासाठी कोणत्या दिवशी यावे, ते कृपया कळवावे.
> आपली नम्र,

शेवटचं वाक्य बघा. "आपल्या प्रतिसादाची वाट पाहत आहोत" असं लिहिलं तर समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही. दिवस विचारला की निदान फोन तरी येतो.

4. आंबापोळीवर मे महिन्याची तारीख बघून एचआर म्हणाले, "जुना माल नको." काय सांगू?

हे पत्रातच आधी सांगायचं. वरच्या नमुन्यात ते वाक्य त्यासाठीच आहे. आंबापोळी उन्हात वाळते आणि रस एप्रिल-मेमध्येच असतो. आमसुलाचंही तसंच, पावसाच्या आधी रातांबे वाळवून झाले नाहीत तर त्या वर्षीचं आमसूल गेलंच. ऑक्टोबरची तारीख असलेली आंबापोळी कोणी दाखवली तर ती तेव्हा फक्त पाकिटात भरली आहे. चिंता तारखेची नसते, साठवणीची असते.

पावसाळाभर पोळी हवाबंद पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवावी लागते. सप्टेंबरअखेर प्रत्येक डबा उघडून मी पोळीची कड बघते, कारण बुरशी तिथे आधी धरते. मग वास घेते. आंबूस वास आला तर तो डबा बाजूला जातो, त्यातल्या "चांगल्या" पोळ्यासुद्धा मी खोक्यात घालत नाही. काजूचा एक दाणा दाताखाली धरायचा. कट् आवाज न होता तो वाकला, तर दमट हवा लागलेली आहे. असे काजू मंद आचेवर पुन्हा कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावरच पाकिटात भरायचे. कोमट भरले तर पाकिटाच्या आत घाम धरतो.

चकली आणि चिवडा आम्ही घालत नाही. पहिल्या वर्षी घातली होती. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पॅकिंग झालं आणि कामगारांच्या घरी पोचेपर्यंत चकल्या मऊ पडल्या. गुळाच्या पाकातलं आल्याचं खाजं तेवढं नाजूक नसतं, म्हणून तेव्हापासून खाजंच.

5. "किती दिवसांत द्याल?" याचं उत्तर कसं काढायचं?

माल पोचायच्या दिवसापासून मागे मोजत यायचं. यंदा धनत्रयोदशी 6 नोव्हेंबरला, शुक्रवारी आहे. कंपन्या साधारण बुधवार-गुरुवारी, म्हणजे 4 आणि 5 नोव्हेंबरला वाटप उरकतात. तिन्ही पाळ्यांच्या कामगारांपर्यंत पोचायला दोन दिवस लागतातच. म्हणून आमची पोच सोमवार, 2 नोव्हेंबर.

तिथून मागे या. खोके भरायला सहा जणींना तीन दिवस लागतात. 300 खोके म्हणजे चार पदार्थांची 1,200 पाकिटं वजन करून, सील करून, लेबल लावून तयार व्हायची असतात. आम्ही 28 ते 30 ऑक्टोबर धरतो आणि 31 हा दिवस मोकळा ठेवतो, कारण वीज जाते आणि सीलिंग मशीन बंद पडतं. खाजं दसऱ्यानंतर, 22 ते 26 च्या दरम्यान करायचं. छापील पट्ट्या आणि खोके दसऱ्याच्या आत घरात हवेत. चिपळूण-रत्नागिरीच्या छपाईवाल्यांकडे दसऱ्याच्या आसपास खूप गर्दी असते, म्हणून त्यांना आम्ही बारा दिवस देतो. म्हणजे मंजूर झालेलं डिझाइन 5 ऑक्टोबरला त्यांच्या हातात हवं. त्याआधीचा आठवडा कंपनीकडून लोगो येणं, प्रूफ जाणं आणि "अक्षर जरा मोठं करा" यातच जातो. असे मिळून 35 दिवस होतात.

दिवस कधीपासून मोजायचे हे लिहिलं नाही तर या आकड्याला काही अर्थ नाही. एका कंपनीने तोंडी होकार ऑगस्टमध्ये दिला आणि लोगोला मंजुरी 14 ऑक्टोबरला दिली. उशीर झाल्यावर "तुम्हाला तर दोन महिने दिले होते" असं ऐकावं लागलं. तेव्हापासून पत्रात "तिन्ही गोष्टी मिळाल्यापासून" हे शब्द असतातच. पितृपक्षात ऑर्डर काढत नाहीत अशी कंपनी असेल तर एचआरला सरळ विचारा, म्हणजे ऑर्डर 25 सप्टेंबरच्या आत निघेल.

6. एका खोक्याची किंमत कशी काढायची? बाजारभाव बेरीज करून वर दहा टक्के लावले तर?

तसं केलंत तर हातात काही उरणार नाही. पदार्थ सोडून होणारा खर्च आपल्याला दिसत नाही आणि तोच मोठा असतो. नमुन्यातल्या खोक्याचा आमचा हिशेब सांगते. दर आमच्या घरचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पदार्थ: काजू किलोला 900 धरून 200 ग्रॅमचे ₹180, आंबापोळी 700 ने ₹105, खाजं 240 ने ₹48, आमसूल 400 ने ₹40, दोन पणत्या ₹16. एकूण ₹389.

वेष्टन: खोका आणि पट्टी ₹62, आतली पाकिटं व लेबलं ₹24, शुभेच्छापत्र ₹6, वाहतुकीच्या मोठ्या खोक्याचा वाटा ₹8. एकूण ₹100.

मजुरी: सहा जणी, तीन दिवस, रोज ₹500. एकूण ₹9,000, म्हणजे खोक्यामागे ₹30. ही मजुरी स्वतःची आणि घरातल्यांचीसुद्धा धरायची. "आम्ही घरच्याच आहोत" म्हणून ती सोडली, तर पुढच्या वर्षी बाहेरून बाई लावावी लागली की दर एकदम चढतो आणि कंपनीला त्याचं कारण सांगता येत नाही.

त्यापुढे टेम्पो ₹15, सहा जादा खोक्यांचा खर्च ₹11 (ते का लागतात हे प्रश्न 13 मध्ये), नमुने आणि अडकलेल्या पैशाचा भार ₹15. सगळं मिळून ₹560. त्यावर 20 टक्के, म्हणजे ₹112 नफा. विक्रीदर ₹672. जीएसटी त्याच्या वर.

7. कंपनी म्हणते, "आमचं बजेट सगळं धरून ₹650 आहे, बसवा." सूट द्यावी का?

सूट देऊ नका, खोका बदला. ₹650 मध्ये 5 टक्के कर धरलेला असेल तर तुमच्या हातात ₹619 येतात. ₹672 वरून तिथे नुसती सूट देऊन उतरलात तर ₹112 पैकी निम्मा नफा जातो. शिवाय पुढच्या वर्षी हाच तुमचा दर ठरतो.

आम्ही काजू 200 वरून 150 ग्रॅमवर आणतो. खर्च ₹45 ने उतरून ₹515 होतो, 20 टक्के धरून दर ₹618, कर धरून ₹648.90. एचआरला हे असंच सांगायचं: "₹650 मध्ये काजू दीडशे ग्रॅम येतील, बाकी सगळं तेच राहील." बहुतेक जण लगेच मान्य करतात, कारण त्यांनाही वर हिशेब द्यायचा असतो. आंबापोळी मात्र कमी करू नका. काजू बाजारात कुठेही मिळतो. घरी खोका उघडल्यावर मुलं हात घालतात ते आंबापोळीत.

8. जास्त खोके घेतले तर दर किती उतरवायचा?

खोके दुप्पट झाले तरी काजूचा किलो तेवढ्यालाच येतो. उतरतो तो छपाई आणि टेम्पोचा वाटा. 300 चे 600 झाले तर आमचा खर्च खोक्यामागे अठरा-वीस रुपयांनी उतरतो, त्याहून जास्त नाही. म्हणून दरांच्या पानावर 100 ते 199, 200 ते 399 आणि 400 असे तीन टप्पे ठेवतो आणि टप्प्यांमध्ये साधारण तेवढाच फरक ठेवतो.

खोके किती वाढू शकतात, हे मेमध्येच ठरलेलं असतं. आमच्याकडे 60 किलो आंबापोळी असेल तर 150 ग्रॅमने 400 खोके होतात. चारशेएकावा खोका होत नाही. बाहेरून पोळी आणून भरली तर चवीतला फरक कामगारांना कळतो, आणि दोघांचे खोके शेजारी शेजारी उघडले जातात.

9. लोगो आणि नावं छापून देताना काय सांभाळायचं?

खोकाच छापायचा म्हटलं तर छपाईवाले पाचशे-हजाराच्या खाली परवडणारा दर देत नाहीत. 300 साठी सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे साधा मातकट रंगाचा खोका घ्यायचा आणि त्याभोवती कंपनीच्या लोगोची छापील पट्टी सरकवायची. याचा आणखी एक फायदा आहे. ऑर्डर रद्द झाली तर फुकट जाते ती फक्त पट्टी. खोका दुसऱ्याला चालतो.

लोगो सीडीआर किंवा मूळ पीडीएफ फाइलमध्येच मागा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो छापला की कडा फाटतात. प्रूफ ईमेलने पाठवा आणि "मंजूर" हा शब्द ईमेलनेच मागा.

शुभेच्छापत्रावर कर्मचाऱ्याचं नाव हवं असेल तर यादी एक्सेलमध्ये आणि छापायच्या लिपीतच मागवा. पगाराच्या यादीतली इंग्रजी नावं आम्ही एकदा स्वतः मराठीत उतरवली. खोत आणि खोट हा एका अक्षराचा फरक. ज्यांचं नाव चुकलं, त्या काकांनी पत्र परत पाठवलं. चूक आमचीच होती. आता यादी त्यांच्याकडून देवनागरीत येते आणि छापण्याआधी एचआरची सही घेतो.

काहींना मधुमेह असतो, काहींना कांदा-लसूण चालत नाही. त्यासाठी दुसरा प्रकार ठेवा, जसं की खाज्याऐवजी जास्त काजू. दोनच्या वर प्रकार घेऊ नका, पॅकिंगच्या टेबलावर गोंधळ होतो. दुसऱ्या प्रकाराच्या खोक्याला बाहेरून हिरवी टिकली लावायची, म्हणजे वाटताना शोधावं लागत नाही.

10. नमुना फुकट द्यायचा का?

पहिला एक खोका फुकट, आणि तो स्वतः घेऊन जायचा. "पाच संचालकांना एकेक पाठवा" असं म्हणाले तर त्या पाचांचं बिल करायचं आणि ऑर्डर आल्यावर ती रक्कम वळती करायची. नमुना नेमका दराच्या पानावरच्या वजनाचा असावा. जास्त काजू घालून दाखवलेला नमुना नंतर तुमच्याच विरोधात उभा राहतो.

11. मी जीएसटीत नाही. कंपनी मला ऑर्डर देईल का? आणि दर करासकट लिहायचा की कर वेगळा?

कर वेगळा लिहायचा आणि शेजारी करासकटचा एकूण आकडाही द्यायचा, नमुन्याच्या पत्रात आहे तसा. एचआरचं बजेट जवळजवळ नेहमी करासकट असतं. "अधिक जीएसटी" वाचून त्यांना शेवटचा आकडा स्वतः काढावा लागला तर चूक होते.

नोंदणी नसल्याने घाबरू नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, जोवर माल राज्याबाहेर जात नाही. राज्याबाहेरचं प्रश्न 14 मध्ये आहे. कंपनीच्या अकाउंट्सकडून "नोंदणीवाल्याकडूनच घेतो, आम्हाला कराची वजावट मिळते" असं उत्तर येतं. भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर ती वजावट मिळत नाही. सीजीएसटी कायद्याचं कलम 17(5)(एच) तेच सांगतं. म्हणजे तुमच्या बिलावर कर नसेल तर कंपनीचा खरोखरच फायदा होतो. हे नम्रपणे, कलमासकट, ईमेलमध्ये लिहा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर बिलावर कर लावता येत नाही, "बिल ऑफ सप्लाय" द्यायचं.

एक सापळा मात्र आहे. वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एका खोक्यात घालून एकाच किमतीला विकल्या, तर त्यातला सगळ्यांत चढा दर अख्ख्या खोक्याला लागतो. आमच्या खोक्यात तो 5 टक्के आहे. एका एचआरनी सुचवलं, "यात एक पॉवर बँक पण घाला." पॉवर बँकेवर 18 टक्के आहे. ती त्याच किमतीत घातली असती तर ₹618 च्या खाऊवरचा कर ₹30.90 वरून ₹111.24 झाला असता. पॉवर बँक कंपनीने स्वतः घ्यावी, किंवा तुम्ही ती वेगळी वस्तू म्हणून वेगळ्या किमतीने द्यावी. बिल करण्याआधी तुमच्या सीएला खोक्यातली यादी दाखवा.

12. आगाऊ रक्कम मागितली तर ऑर्डर जाईल का? आणि उरलेले पैसे वेळेवर कसे मिळवायचे?

50 टक्के मागायचे आणि कशासाठी ते सांगायचं. ₹648.90 चे 300 खोके म्हणजे ₹1,94,670. निम्मे ₹97,335. ऑक्टोबरमध्ये आमच्या हातून काजूचे ₹40,500, वेष्टनाचे ₹30,000, खाज्याचे ₹14,400, पणत्यांचे ₹4,800 आणि मजुरीचे ₹9,000 जातात. एकूण ₹98,700. आगाऊ रक्कम म्हणजे जवळजवळ हाच खर्च. आंबापोळी आणि आमसुलाचे पैसे आपण मेमध्येच घातलेले असतात. हे आकडे सांगितल्यावर मला आजवर फार कोणी अडवलं नाही.

उरलेल्या रकमेसाठी उद्यम नोंदणी करून ठेवा आणि तिचा क्रमांक पत्रावर व बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. 2023 च्या अर्थसंकल्पात आलेल्या तरतुदीने त्यात जोर आला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच करता येतो. त्यामुळे उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्सवाले बिल ढिगात वर घेतात. ही सोय स्वतः माल बनवणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्याचा माल नुसता विकणाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही.

बिलावर ऑर्डरचा क्रमांक नसेल तर ते परत येतं. आमचं एक बिल एवढ्याच कारणासाठी जानेवारीपर्यंत पडून राहिलं.

13. पोच देताना काय अडचणी येतात? खोके फुटले, कमी भरले तर?

लोट्याच्या एका कारखान्याच्या गेटवर आम्ही संध्याकाळी साडेपाचला पोचलो. पाळी बदलायची वेळ. चलानावर ऑर्डर क्रमांक होता, पण टेम्पोचा नंबर लिहिलेला नव्हता. सुरक्षारक्षकाने गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि तेवढ्यात सर आली. ताडपत्री वरून होती, पण खाली फळीवर पाणी साठलं आणि सगळ्यांत खालचे दोन मोठे खोके भिजले. त्यात दहा हॅम्पर होते. आतली पाकिटं सीलबंद होती म्हणून खाऊ वाचला, पट्ट्या मात्र गेल्या.

तेव्हापासून टेम्पोत खाली प्लॅस्टिक आणि त्यावर लाकडी फळ्या घालतो, सकाळी अकराच्या आत पोचतो, आणि सहा जादा खोके व वीस जादा पट्ट्या बरोबर नेतो. मोजणी तिथेच, एचआरच्या माणसासमोर, आणि चलानावर सही-शिक्का. फुटका खोका सात दिवसांत बदलून देऊ, असं दरांच्या पानावर लिहा. मुदत न घालता लिहिलंत तर डिसेंबरमध्येही फोन येतात.

माल एक लाखाच्या वर असेल तर महाराष्ट्राच्या आतसुद्धा ई-वे बिल लागतं. आपल्या ₹1,94,670 च्या मालाला ते लागणारच. तुमची जीएसटी नोंदणी नसेल आणि कंपनीची असेल तर ते कंपनीने काढायचं. आदल्या दिवशीच आठवण करा.

प्रत्येक पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारखा, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवीच. फक्त बाहेरच्या खोक्यावर लिहून चालत नाही, पाकिटं घरी वेगळी होतात. काजू असल्याचा उल्लेख ठळक करा, काहींना त्याची अॅलर्जी असते.

14. कंपनीची गोव्यातही शाखा आहे, तिथे 40 खोके पाठवायला सांगतात. पाठवू का?

सावंतवाडी, कुडाळकडच्या ताईंकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण बांद्याच्या पुढे लगेच गोवा. अंतर कमी असलं तरी ती आंतरराज्य विक्री आहे, आणि 40 लाखांची सवलत तिथे लागू नाही. खाण्याचा करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कंपोझिशनवाल्यांना तर राज्याबाहेर विकताच येत नाही. नोंदणी नसेल तर पत्रातच लिहा: "पोच महाराष्ट्रातील एकाच ठिकाणी." सगळे खोके इथल्या प्लांटवर द्या. पुढे आपल्या शाखेला न्यायचे की नाही हे कंपनी बघेल.

घरपोच कुरिअरला मी नाहीच म्हणते. खोका मुंबईला पोचेपर्यंत पणत्यांचे तुकडे होतात आणि कुरिअरचा खर्च नफ्यापेक्षा जास्त होतो.

15. दसऱ्यानंतर अचानक फोन आला, "150 खोके हवेत, पैसे लगेच देतो." घ्यावी का ऑर्डर?

लोगो आणि नावं लागणार असतील तर नाही. छपाईला बारा दिवस लागतात आणि तेवढे उरलेले नसतात. पण आम्ही दर वर्षी "शुभ दीपावली" एवढंच छापलेल्या 200 पट्ट्या ऑगस्टमध्येच करून ठेवतो. मग उत्तर असं देते: "कंपनीचं नाव येणार नाही, खाज्याऐवजी काजू जास्त येतील, पैसे पूर्ण आगाऊ, 30 ऑक्टोबरपर्यंत होकार आला तर 4 नोव्हेंबरला पोच." खाजं वगळते, कारण त्या आठवड्यात कढई आधीच्या ऑर्डरींसाठी रिकामी नसते. आणि फोन ठेवण्याआधी आंबापोळीचे किती डबे उरलेत ते मोजून घेते.